शब्दांवाचून दोन मिनिटे : एका कापड दुकानाची पटकथा

कापडाच्या दुकानात उभे राहून डोळे मिटले, तरी तेथे काय चालले आहे हे कानांना कळते. तागा उलगडताना फळीवर होणारी धप्‌-धप्‌, मीटरपट्टी ठेवल्याचा धातूचा बारीक ठणका, आणि मग पोपलिनातून सरळ धावत जाणारी कात्री. जाणत्या हाताची कात्री उघडझाप करीत नाही. ती अर्धवट उघडी धरून पुढे लोटली जाते आणि एकच लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. हाच आवाज मध्येच तुटला, तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाची मान न बोलावता वर होते. काय झाले, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

दोन मिनिटांच्या निःशब्द लघुपटाची पटकथा अशाच ठिकाणी सापडते. संवाद नाहीत, निवेदन नाही. केवळ दृश्य, भोवतालचे ध्वनी आणि हातांच्या लहान हालचाली. मोबाईलवर चित्रण करणे आता घराघरांत जमते. परंतु कागदावरचे काम तितके जमत नाही. कारण बहुतेक जण प्रथम संवादांसह कथा लिहितात आणि मग त्यांतील संवाद खोडून टाकतात. उरते ते मूकाभिनयाचे प्रहसन : पात्रे कपाळावर हात मारतात, बोटे नाचवितात, डोळे पुसतात. निःशब्द पटकथेत पात्रांना बोलता येत नाही असे नसते. त्यांना बोलण्याची आवश्यकता पडू नये, किंवा बोलणे अशक्य व्हावे, असा प्रसंग शोधावा लागतो.

या मार्गाने आपल्याकडे पूर्वीच कामे झाली आहेत. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करण्यापूर्वी कुंडीत वाटाण्याचे रोप वाढविले आणि दररोज एकेक चौकट टिपत महिनाभराहून अधिक काळ त्याचे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट. तो पाहणाऱ्यांपैकी काहींनी त्यांना कर्ज देऊ केले. एका बीजाचे रोप होते, एवढाच मजकूर. पण सावकाराची खात्री पटविण्यास तो पुरला. सत्यजित राय यांचा १९६४ चा ‘टू’ हा तर या प्रकाराचा पाठच म्हणावा. श्रीमंत घरातील मुलगा खिडकीत उभा, खाली मोकळ्या जागेत झोपडीतील मुलगा बासरी वाजवतो. वरचा मुलगा खेळण्यातील तुतारी आणून ती बासरी बुडवून टाकतो. खालचा ढोल आणतो, वरचा ढोल बडविणारे यांत्रिक माकड दाखवितो. शेवटी खालच्याने पतंग उडविला, तर वरचा छर्‍याच्या बंदुकीने तो फाडतो. पुन्हा खोलीत खेळण्यांचा गोंगाट सुरू होतो आणि त्यातून पुन्हा तीच बासरी ऐकू येते. शब्द एकही नाही. मात्र प्रत्येक कृती ही आधीच्या कृतीला दिलेले उत्तर आहे. संवाद म्हणजे तरी दुसरे काय असते? ‘टू’मधील मुले वस्तूंनी आणि आवाजांनी बोलतात, आणि म्हणूनच कोण जिंकले हा प्रश्न अखेरच्या आवाजाने निकालात निघतो.

राय यांच्या हाती दोन मिनिटांहून बराच अधिक वेळ होता. एकशेवीस सेकंदांत उत्तर-प्रत्युत्तराच्या इतक्या फेऱ्या मावत नाहीत. तेथे एकच वळण बसते : एखादी गोष्ट बिघडते, कोणीतरी तिच्याकडे हात नेतो, आणि तो हात अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी टेकतो. यापेक्षा अधिक काही घालू पाहिले, की चित्रपट पळू लागतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते वर सांगितलेल्या कात्रीवरच पाहता येईल. कल्पना अशी : वडील सत्तरीपुढचे, आयुष्यभर कापड फाडलेले. मुलगा चाळिशीचा, संगणकावर बिले करणारा. वडिलांचा हात थरथरू लागला आहे. हे दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघेही त्याविषयी बोलत नाहीत. आज गिऱ्हाइकासमोर कात्री वाकडी जाते. मुलगा काय करील?

पहिल्या खर्ड्यात अशा कथेला हमखास चार जागा मिळतात. सकाळी घरी चहाचा कप थरथरतो, दुपारी दुकानात कापड वाकडे कापले जाते, संध्याकाळी डॉक्टरांकडे, आणि रात्री मुलगा वडिलांचे पाय चेपतो. प्रत्येक जागा प्रेक्षकाला ओळखू येण्यातच तीन-चार सेकंद जातात. त्यातून डॉक्टरांच्या खोलीत शब्दांवाचून काय कळणार? मग लेखक भिंतीवर फलक लावतो, हाती चिठ्ठी देतो, मोबाईलच्या पडद्यावर निरोप दाखवितो. ही सारी संवादांचीच चोरटी आयात होय. चहाचा कप, डॉक्टर आणि पाय चेपणे हे तिन्ही प्रसंग कापले, तर कथेची हानी होत नाही. उलट दुकानातला तो एक क्षण मोकळा होतो आणि त्याला पुरेसा वेळ मिळतो.

पटकथेचा एक कागद म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, असा ठोकताळा चित्रपटसृष्टीत रूढ आहे. संवादांच्या पटकथेला तो बऱ्यापैकी लागू पडतो. निःशब्द पटकथेत तो फसवतो. ‘वडील तागा उलगडतात’ हे तीन शब्द आहेत, पण त्या क्रियेला सात सेकंद लागतात. म्हणून प्रत्येक ओळीसमोर सेकंद लिहावे, आणि ते अंदाजाने न लिहिता घड्याळ हाती घेऊन, ती क्रिया स्वतः करून लिहावे. चित्रपटाचे नाव व अखेरची नामावली हीसुद्धा त्या एकशेवीस सेकंदांतच धरावी. शेवटी नामावलीसाठी जागा उरली नाही म्हणून ऐन प्रसंगातून सेकंद तोडण्याची पाळी अनेकांवर येते.

लिहिण्याचा नियम कडक आहे. सर्व वाक्ये वर्तमानकाळात, आणि कॅमेऱ्याला जे दिसणार नाही व ध्वनियंत्राला जे ऐकू येणार नाही, त्याला कागदावर स्थान नाही. ‘वडिलांना लाज वाटते’ असे लिहिले, तर नटाने काय करावे? तो चेहरा पाडील, आणि चित्रपट तेथेच खोटा होईल. ‘वडील थरथरता हात कापडावर सपाट दाबून धरतात’ असे लिहिले, की लाज प्रेक्षकाच्या मनात उमटते. नटाला केवळ हात दाबायचा असतो.

आता पटकथा. नाव ‘दीड मीटर’. स्थळ एकच, वेळ दुपारची.

काळा पडदा. कात्री पोपलिनातून धावत असल्याचा अखंड आवाज. नाव उमटते. (५ सेकंद)

आत. कापडाचे दुकान. दुपार. तोच आवाज चालू. आता कात्री दिसते. सुरकुतलेला हात शेवटच्या काठापर्यंत कात्री नेतो, ती फळीवर ठेवतो. बोटे एकदा उघडतात, मिटतात. (६)

संपूर्ण दुकान. गादीवर वडील. बाजूला गल्ल्यावर मुलगा, समोर संगणक, बोटांखाली कळांची टकटक. फळीपाशी एक बाई, हाती पिशवी. वर पंखा. बाहेर रस्त्यावरची वर्दळ. (८)

वडील दुसरा तागा उलगडतात. धप्‌, धप्‌, धप्‌. पांढरे कापड फळीवर पसरते. (७)

मीटरपट्टी कापडाच्या काठाला लागते. अंगठा खूण धरतो. पट्टी पुढे सरकते. अर्ध्यावर अंगठा पुन्हा थांबतो. (७)

कात्री उचलली जाते. हवेत तिचे टोक थरथरते. (६)

कात्री कापडात शिरते. सुस्कारा सुरू होतो आणि वीतभर गेल्यावर तुटतो. कच्‌. थांबते. पुन्हा कच्‌. (८)

बाई कापडाकडे पाहते. मग नजर वळवून कपाटातल्या ताग्यांकडे पाहू लागते. (४)

मुलाची बोटे कळांवर. टकटक थांबते. (४)

त्याला दिसते ते : कापडातली वाकडी चीर. (४)

वडिलांचा हात कापडावर सपाट दाबला जातो. पंख्याचा आवाज. (५)

मुलगा उठून फळीपाशी येतो. त्याचा हात कात्रीकडे जातो, वाटेतच थांबतो. (८)

वडील त्या हाताकडे पाहतात. (४)

मुलाचा हात कात्रीवरून पुढे जातो. चिरेच्या पुढे, चार बोटे अंतरावर, कापडाचा काठ चिमटीत धरून ताणतो. (७)

वडील त्या काठाकडे पाहतात. कात्री उचलून त्याच जागी एकदाच टोचतात. कच्‌. कात्री खाली ठेवतात. (८)

चार हात कापडावर. कापड फाडले जाते. टर्रर्र, एका काठापासून दुसऱ्यापर्यंत, सरळ. (४)

उन्हाच्या तिरिपेत धाग्यांची बारीक कुसे तरंगतात. पंखा. रस्ता. (५)

घडी केलेले कापड बाईच्या पिशवीत जाते. (६)

फळीवर कात्री. वडिलांचा हात ती किंचित फिरवतो. मूठ आता गल्ल्याच्या बाजूला. हात कात्रीवरून उचलला जात नाही. (८)

काळा पडदा, नामावली. अंधारात कात्रीचा अखंड सुस्कारा पुन्हा ऐकू येतो. (६)

सेकंदांची बेरीज नेमकी एकशेवीस होते. एकूण वीस तुकडे. सर्वांत लहान चार सेकंदांचा, सर्वांत मोठा आठ सेकंदांचा. आठ सेकंदांची जागा कोणाला मिळाली, ते पाहण्यासारखे आहे : दुकानाच्या पहिल्या दर्शनाला, कात्री अडखळण्याला, मुलाचा हात थांबण्याला, वडिलांच्या टोचण्याला आणि शेवटी कात्री फिरविण्याला. पहिला तुकडा ओळख करून देण्यासाठी आहे. उरलेल्या चारांत कोणीतरी काहीतरी ठरवीत आहे किंवा काहीतरी हातचे जात आहे. ठरविण्याला वेळ लागतो. बाईची नजर वळण्याला चार सेकंद पुष्कळ होतात.

येथील कळीचा क्षण अर्थातच मुलाचा थांबलेला हात. त्याने कात्री उचलली असती, तर कापड सरळ कापले गेले असते आणि गिऱ्हाइकही खूश झाले असते. मात्र वडिलांची गादी त्या क्षणी त्यांच्या अंगाखालून निघाली असती. त्याने काहीच केले नसते, तर चीर वाकडीच गेली असती. तिसरा मार्ग धंद्यातूनच मिळतो. साध्या विणीचे सुती कापड काठाला टोचून फाडले, की आडव्या धाग्याच्या रेषेत आपोआप सरळ फाटते. त्याला स्थिर हाताची गरज नसते, दोघांनी ताणून धरले म्हणजे झाले. हे ज्ञान वडिलांनीच कधीकाळी मुलाला दिलेले असणार. पटकथेत ते कोठेही लिहिलेले नाही आणि लिहिण्याची गरजही नाही. चिरेच्या पुढे चार बोटे फाडल्यामुळे वाकडा भाग वाढीव तुकड्यात राहतो, गिऱ्हाइकाला दीड मीटर पुरे मिळते, आणि चार बोटांचा तोटा दुकानाच्या अंगावर पडतो. कापडाचा व्यवहार जाणणाऱ्याच्या हे ध्यानी येते. ज्याच्या ध्यानी येणार नाही, त्यालाही कथा कळते. त्याचे केवळ एक घर रिकामे राहते.

एक दोष मात्र या मांडणीत सहज राहून जाऊ शकला असता. आरंभी कात्री अखंड धावते आणि अर्ध्या मिनिटातच तोच हात थरथरतो. प्रेक्षक याला अपघात समजेल : चुकली कात्री एकदा, त्यात काय! म्हणून दुसऱ्या तुकड्यात बोटांची ती उघडझाप घातली आहे. दोन सेकंदांची ती हालचाल प्रथम पाहताना कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे टोक थरथरले, की ती आठवते. वस्तू वा हालचाल संकटाच्या वेळी प्रथम दिसली, तर ती योगायोग वाटते. आधी निरुपद्रवी रूपात दिसून गेलेली असली, तर तीच कारण वाटते.

नजरेचा क्रमही पाहावा. आधी मुलाची बोटे थांबतात, मग वाकडी चीर दिसते. हा क्रम उलटा केला, तर चीर ही कॅमेऱ्याने दाखविलेली एक माहिती ठरेल. आहे त्या क्रमात ती मुलाने पाहिलेली गोष्ट ठरते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास असे दाखविले, की नटाचा तोच भावशून्य चेहरा निरनिराळ्या चित्रांच्या शेजारी ठेवला, की पाहणाऱ्याला त्यावर निरनिराळे भाव दिसू लागतात. म्हणून बाईच्या किंवा वडिलांच्या चेहऱ्यावर अभिनय लिहिलेला नाही. त्यांनी फक्त योग्य ठिकाणी पाहावे.

ध्वनी हा या पटकथेचा दुसरा अर्धा भाग आहे आणि बहुधा तोच अखेरीस उरकला जातो. पार्श्वसंगीत मुद्दामच घातलेले नाही. सारंगीचा एक करुण स्वर घातला, की कात्री तुटल्याचा आवाज दबतो आणि काय वाटावे ते प्रेक्षकाला सांगून टाकले जाते. येथे तीनच ध्वनी कथा वाहून नेतात : कात्रीचा सुस्कारा, कळांची टकटक आणि कापडाची टर्रर्र. टकटक थांबते, एवढ्यावरून मुलाचे लक्ष गेले हे कळते. त्यासाठी ती आधी निदान दहा-बारा सेकंद चालू असावी लागते; नाहीतर तिचे थांबणे कोणाला ऐकू येणार? शेवटी अंधारात जो सुस्कारा येतो, तो कोणाच्या हाताचा, हे पटकथा सांगत नाही. मुठीची दिशा पाहिलेला प्रेक्षक आपले उत्तर स्वतः ठरवील.

चित्रणाच्या दिवशी याच भागात सर्वाधिक चुका होतात. मोबाईल शांततेत आपोआप आवाजाची पातळी चढवितो. त्यामुळे पंखा प्रत्येक तुकड्यात कमी-अधिक ऐकू येतो आणि जोडणी करताना दर चार सेकंदांनी उडी मारतो. उपाय साधा आहे. सर्वांनी गप्प उभे राहून दुकानाचा नुसता भोवताल, पंखा आणि रस्ता यांसह, एक मिनिटभर सलग टिपून ठेवावा आणि तो सर्व तुकड्यांखाली एकसंध पसरावा. कात्री, टकटक व फाडणे हे तीन आवाज पंखा बंद करून, शटर खाली ओढून, मोबाईल वीतभर अंतरावर धरून वेगळे टिपावेत. पंख्यासह टिपलेली टर्रर्र नंतर कितीही मोठी केली, तरी तिच्याबरोबर पंखाही मोठा होतो.

पटकथा पुरी झाली की तिच्या दोन चाचण्या घ्याव्यात. कथा ठाऊक नसलेल्या एखाद्या नातलगाला कागद वाचून दाखवावा आणि ‘काय झाले?’ एवढेच विचारावे. त्याने ‘मुलाने वडिलांना मदत केली’ असे म्हटले, तर काम अर्धवट आहे. ‘मुलाने कात्री घेतली नाही’ असे म्हटले, तर जमले. दुसरी चाचणी जोडणी झाल्यावर : एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावे, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे. केवळ चित्रावर सगळे कळत असेल, तर ध्वनीला काम उरलेले नाही, हे ओळखावे. या पटकथेत डोळे मिटल्यावरही कात्री तुटणे, टकटक थांबणे आणि कापड फाटणे हा क्रम ऐकू यावा. चित्र बंद असताना हरवतो तो फक्त थांबलेला हात.

राहिला कापडाचा हिशेब. फाडण्याचा तुकडा एका प्रयत्नात क्वचितच साधतो. हात कॅमेऱ्याच्या आड येतात, किंवा दोघे वेगवेगळ्या क्षणी ओढतात. पण प्रत्येक प्रयत्नाला दीड मीटर खर्ची घालण्याचे कारण नाही. जवळून घेतलेल्या चित्रात फाडलेल्या तुकड्याची लांबी दिसत नाही. दिसतो तो पन्हा आणि हात. चार बोटांच्या पट्ट्या एकापुढे एक फाडत गेले, तर दीड मीटरमध्ये पंधरा प्रयत्न निघतात. कापड मात्र शुद्ध सुती पोपलीनच हवे, आणि ते आदल्या दिवशी फाडून पाहिलेले असावे. मिश्र धाग्याचे कापड सहजासहजी फाटत नाही. कॅमेरा सुरू असताना दोघांनी जोर लावला आणि ते ताणलेच गेले, तर मुलाचा तो थांबलेला हातही फुकट जातो.